लेझर प्रिंटवर अक्षरांची सावली येते आणि बोट फिरवलं की शाई निघते. फ्यूजर गेला का?

सावली_डीटीपी
नमस्कार. देवरुखला तहसील कचेरीजवळ माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. साधा काळा-पांढरा लेझर प्रिंटर आहे, सहा वर्षं रोज चालतो. महिनाभरापासून दोन तक्रारी एकदम सुरू झाल्यात. वर ठळक अक्षरात 'प्रतिज्ञापत्र' छापलं की खाली कोऱ्या जागेत तेच अक्षर फिकट, धुरकट दिसतं. आणि पानाच्या डाव्या बाजूची अक्षरं बोटाने घासली की फासली जातात.

साध्या कागदावर कसंतरी निभतं, पण बाँड पेपर जाड. परवा एका आजोबांच्या करारावर नोटरींनी शिक्का मारून हात फिरवला आणि तीन ओळी काळ्या झाल्या. आता 100 चा बाँड बंद होऊन 500 चा झालाय. तो मी माझ्या पैशांनी आणून दिला, पण त्यांची परत एक फेरी झालीच.

टोनर रिफिल केलेला आहे. इथला मेकॅनिक म्हणतो नवीन प्रिंटर घ्या. खरंच तेवढं झालंय का, हे कसं ओळखायचं?

पावडरवाला_सांगली
ताई, रिफिलची पावडर हलकी असणार. माझ्याकडे शंभरातले नव्वद प्रिंटर याच कारणाने येतात. ड्रम आणि ब्लेड बदला, पावडर चांगली भरा, सावली जाईल.

नाना_पेठ
माझाही प्रिंटर असाच फासतो. फोटो छापला की दहा मिनिटं पंख्याखाली ठेवावा लागतो. हेड क्लीनिंग तीनदा केलं. तुम्ही करून बघितलंत का?

सावली_डीटीपी
नाना, तुमचा इंकजेट दिसतोय, त्यात ओली शाई असते. माझ्यात पावडर आहे, हेड नाही.

जुना_सर्व्हिसवाला
ताई, आधी पट्टी घ्या. वर एक जाड काळा पट्टा आणि बाकी पान कोरं, असं एक पान छापा. पट्ट्यापासून त्याच्या सावलीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. आतला प्रत्येक रोलर एक फेरा पूर्ण केला की तोच डाग पुन्हा टाकतो, त्यामुळे सावलीचं अंतर म्हणजे त्या रोलरचा घेर. छोट्या प्रिंटरमध्ये ड्रम बहुतेक 24 मिमी व्यासाचा असतो, म्हणजे घेर साधारण 75. पावडर तापवून कागदावर पक्की बसवणारा भाग म्हणजे फ्यूजर, त्याची टेफ्लॉन फिल्म त्याहून बारीक असते. तुमच्या मशीनची नक्की मापं सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतील, पण 75 च्या आसपास आलं तर पावडरवाले दादा बरोबर. बरंच कमी आलं तर फ्यूजरकडे बघू.

दुसरं म्हणजे, एखादं चांगलं ओरिजिनल कार्ट्रिज कुणाकडून तासाभरासाठी मिळालं तर टाकून बघा. मात्र पहिल्या चार पानांवरून ठरवू नका. फिल्मवर जुनी पावडर चिकटलेली असते, वीसेक पानं जाऊ द्या.

सावली_डीटीपी
तीनदा मोजलं, 56-57 मिमी येतंय. शेजारच्या पतसंस्थेतून ओरिजिनल कार्ट्रिज आणून पंचवीस पानं काढली. सावली थोडी फिकी झाली, पण गेली नाही. डावी बाजू तशीच फासते. आणखी एक लक्षात आलं. सकाळचं पहिलं पान सगळ्यात जास्त फासतं, दहाव्या पानापर्यंत बरं होतं.

जुना_सर्व्हिसवाला
मग ड्रम नव्हे. 18 मिमी व्यासाच्या फिल्मचा घेर बरोबर तेवढाच येतो.

पहिलं पान वाईट आणि दहावं बरं, याचा अर्थ कागदाला उष्णता कमी पडतेय. पावडर अर्धवट वितळते, तिचा थोडा भाग कागदाऐवजी फिल्मला चिकटतो आणि फिल्मच्या पुढच्या फेऱ्यात खाली उतरतो. तीच तुमची सावली. फासणं आणि सावली ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं आहेत. उलट पानं वाढतील तशी सावली वाढत गेली असती, तर फ्यूजर जास्त तापतोय असं म्हटलं असतं.

हीटर बिघडला असेल असं मात्र नाही. सेन्सर हीटरचं तापमान राखत असतो. पण खालचा रबरी प्रेशर रोलर वर्षानुवर्षं तापून कडक होतो, झिजतो. मग फिल्म आणि रोलर यांच्यात कागद दाबला जाण्याची जागा अरुंद होते. हीटर गरम असूनही कागदाला ती उष्णता पुरेसा वेळ लागत नाही.

रत्नांग्री
पावसाळा विसरू नका हो! आमच्याकडे जुलैत रिम उघडी राहिली की हेच होतं. कागदातलं पाणी उडवण्यातच उष्णता जाते. नवीन बंद रिम फोडून बघा. आणि ड्रायव्हरमध्ये Paper Type ला Plain च्या जागी Heavy करा.

सावली_डीटीपी
दोन्ही केलं. बंद रिम आणि Heavy. प्रिंटर हळू चालतो, पण फासणं निम्म्याने कमी झालं. बाँडवर मात्र डावीकडे अजून निघतं. फक्त डावीकडेच का?

जुना_सर्व्हिसवाला
तोच प्रश्न मला पहिल्यापासून खटकतोय. कागद दमट असता तर सगळीकडे सारखं फासलं असतं. एक चाचणी करा. एक पूर्ण काळं पान छापून घ्या. तेच पान परत ट्रेमध्ये घालून कोऱ्या पानाची प्रिंट द्या, काळी बाजू पुन्हा फिल्मकडेच येईल अशी. पान फ्यूजरमध्ये अर्धं गेलं की मागचा स्विच बंद करा. दहा सेकंद थांबा आणि कागद ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने हळूच ओढा. उलटं ओढलंत तर फिल्म फाटेल. काळ्या भागावर एक चकाकणारा आडवा पट्टा दिसेल. त्याची रुंदी दोन्ही टोकांना सारखी हवी. आतल्या धातूला हात लावू नका, तो बराच वेळ गरम राहतो.

सावली_डीटीपी
केलं. पट्टा उजवीकडे छान रुंद आहे आणि डावीकडे निमुळता होत जवळजवळ धाग्याएवढा. मधे दोन उभे ओरखडेही आहेत.

जुना_सर्व्हिसवाला
डाव्या बाजूला दाब पडत नाहीये. ओरखडे म्हणजे फिल्मचा लेपही गेलाय. फ्यूजर शेवटाला आलाय, प्रिंटर नाही. मी असतो तर पूर्ण फ्यूजर बदलला असता.

पावडरवाला_सांगली
56 आलं, तिथे माझं चुकलं. पण पूर्ण फ्यूजर कशाला? फिल्म, प्रेशर रोलर आणि दोन्ही बाजूंचे बुश बदलायचे, फिल्मच्या आत नवं ग्रीस लावायचं. मी असे कित्येक चालवलेत. खर्च खूप कमी.

जुना_सर्व्हिसवाला
चालतात, पण डावा बुश झिजलाय की स्प्रिंग बसलीय, हे उघडल्याशिवाय कळणार नाही. स्प्रिंग बसली असेल तर नवीन फिल्मसुद्धा काही महिन्यांत तिरकी होऊन फाटेल. सुटे भाग टाकायचे तर आधी दोन्ही स्प्रिंगा शेजारी ठेवून लांबी जुळवून बघा.

रत्नांग्री
तोवर बाँडचं काय करायचं?

सावली_डीटीपी
तोवर बाँड पतसंस्थेच्या प्रिंटरवर छापतेय. कालचे दोन करार आधीच माझ्या प्रिंटरवर निघाले होते. ते पतसंस्थेच्या प्रिंटरमधून कोऱ्या पानाची प्रिंट देऊन पुन्हा काढले, आता बोटाने निघत नाहीत. मेकॅनिकला शनिवारी बोलावलंय. फ्यूजर माझ्यासमोरच उघड म्हणून सांगितलंय. स्प्रिंगांचे फोटो इथे टाकते, मग सुटे भाग की पूर्ण फ्यूजर ते सांगा.