मदत हवी आहे: वर्ड अचानक बंद पडलं, फाइल उघडते पण सकाळचीच

निळीशाई: प्रबंधाचं प्रकरण लिहीत होते. वर्ड गोठलं आणि बंद पडलं. पुन्हा उघडलं तर फाइल आहे, पण दुपारचं सगळं लिखाण गायब. जेवढं आठवतंय तेवढं टाइप करायला घेऊ का? लवकर सांगा, उद्या द्यायचंय.

खटपट्या: विंडोज की मॅक? फाइल क्लाउडवर की संगणकावर? दुपारी एकदा तरी सेव्ह केली होती का?

जुनापापी: आधी टाइप करणं थांबवा! सेव्हही करू नका. वर्ड उघडं असेल तर तसंच राहू द्या. वर्ड नीट बंद केलं की ते स्वतःच्या तात्पुरत्या प्रती पुसून टाकतं. विंडोज असेल तर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत हे टाका:

```
%AppData%\Microsoft\Word
```

फाइलच्या नावाचं एखादं फोल्डर असेल तर त्याच्या आतही बघा. `.asd` दिसली की लगेच डेस्कटॉपवर कॉपी करा. कट नको.

आरामात: एवढी भानगड कशाला? मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये लपलेली फाइल असते, नाव `~$` ने सुरू होतं. तिला `.docx` करा, झालं काम.

जुनापापी: नाही हो. `~$` वाल्या फाइलमध्ये फक्त ती कोणी उघडलीय त्याचं नाव असतं. आकार बघा, साधारण १६२ बाइट. त्यात प्रकरण कुठून मावणार? तुम्ही म्हणताय तसं `~WRL` किंवा `~WRD` ने सुरू होणाऱ्या `.tmp` फाइलबाबत कधीकधी जमतं. तिथेही आधी कॉपी, मग त्या कॉपीचं नाव बदला.

आरामात: माझं तर `~$` नेच झालं होतं.

खटपट्या: दुसरीच कुठली तरी फाइल असेल.

मोकळावेळ: माझं मॅकवर पूर्ण पुस्तक गेलं होतं. तेव्हापासून मी वर्डच सोडलं. साध्या मजकूर-संपादकात लिहा, सुखी राहाल.

खटपट्या: त्यांना आजची फाइल हवीय, संन्यास नको.

निळीशाई: विंडोज, संगणकावरच. सेव्ह सकाळी केली होती. त्या फोल्डरमध्ये `AutoRecovery save of` असं सुरू होणारी `.asd` आहे, वेळ ४:१० ची! कॉपी केली. पण दोनदा क्लिक केलं तर उघडत नाही.

जुनापापी: वर्डमधून File > Open करा आणि खाली All Files निवडा, मग ती कॉपी दिसेल. उघडली की लगेच Save As करून नवं नाव द्या. जुन्या नावावर सेव्ह नको.

निळीशाई: उघडली! जवळजवळ सगळं आहे, शेवटचा परिच्छेद सोडून. वर्ड ४:१८ ला बंद पडलं होतं.

जुनापापी: मूळ सेटिंग दर १० मिनिटांनी प्रत ठेवण्याचं असतं, म्हणून तेवढा तुकडा गेला. File > Options > Save मध्ये ते २ करा.

निळीशाई: केलं. पण तळटीपांचे क्रमांक विचित्र दिसताहेत, १४ नंतर एकदम १७. हे कशामुळे?

मोकळावेळ: म्हणूनच म्हणतो, वर्ड सोडा.