शब्दचर्चा: ‘उतारा’ एक, आकडे दोन

बारामतीकर: साखर कारखान्याच्या वार्षिक सभेचं 64 स्लाइडचं सादरीकरण तपासतोय. स्लाइड 7 वर ‘सरासरी उतारा 12.4 टक्के’, 31 वर ‘साखर उतारा 11.0 टक्के’, 52 वर नुसतं ‘रिकव्हरी’. गाळप 8,40,000 टन, साखर 9,24,000 क्विंटल. शब्द कोणता ठेवू आणि आकडा कोणता?

शुद्धलेखनवाला: भागाकार करा की. 9,24,000 क्विंटल म्हणजे 92,400 टन, त्याला 8,40,000 ने भागलं की 11.0. सगळीकडे ‘साखर उतारा 11.0’ करून टाका.

गाळपघर: भागाकार बरोबर, पण घाई नको. डिस्टिलरीची स्लाइड आहे का? बी-हेवी मळी इथेनॉलला वळवली की त्यातली साखर पोत्यात येत नाही, उतारा तेवढा खाली दिसतो. वळवलेली साखर धरून ढोबळ उतारा 12.4 आणि पोत्यातली साखर धरून निव्वळ 11.0, असे दोन्ही आकडे खरे असू शकतात. एफआरपीचा, म्हणजे उसाला द्यायच्या किमान दराचा, हिशेब ढोबळवर होतो. तिथे 11.0 छापलं तर सभासद सभेतच उभे राहतील. आणि हा फरक ‘1.4 टक्के’ लिहू नका, 1.4 टक्के-बिंदू लिहा.

तलाठीमित्र: उतारा ऑनलाइन मिळतो की, गट नंबर टाका.

गाळपघर: तो सातबारा हो! पण बरं आठवलं. जमीनखरेदीच्या स्लाइडवरही ‘उतारा’ असणार, म्हणून ‘सगळे बदला’चं बटण दाबू नका, सातबाऱ्याचाही साखर उतारा होईल. शोधताना ‘11.0’ आणि ‘११.०’ दोन्ही टाका. चित्र म्हणून चिकटवलेल्या तक्त्यातला मजकूर शोधात येत नाही, तो डोळ्यांनीच वाचावा लागतो.

बारामतीकर: डिस्टिलरी स्लाइड 40 वर आहे, बी-हेवीच. स्लाइड 18 वर ‘2023-24 चं उत्पादन’ मात्र 9,24,000 पेक्षा कमी आहे. ही तरी चूकच ना?

गाळपघर: तिथे वर्ष कुठलं धरलंय? साखर हंगाम 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर, आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. गाळप एप्रिलमध्ये चाललं असेल तर ती साखर पुढच्या ताळेबंदात जाते. दैनिक गाळप अहवालातून एप्रिलची साखर काढा, तसंच मागच्या एप्रिलची. पहिली वजा, दुसरी मिळवा. तरीही जुळलं नाही तर ती चूक. जुळलं तर फक्त ‘हंगाम’ की ‘आर्थिक वर्ष’ एवढं लिहा.

दुरुस्ती सुचवताना आकडा स्वतः बदलू नका. अशी ओळ पाठवा:

स्लाइड 7. आहे: ‘सरासरी उतारा 12.4 टक्के’. सुचवलेलं: ‘ढोबळ साखर उतारा 12.4 टक्के (हंगाम 2023-24)’. कारण: स्लाइड 31 वर निव्वळ 11.0. खात्री: चीफ केमिस्ट.

शुद्धलेखनवाला: ‘ढोबळ’ म्हणजे अंदाजे, असं सभासद वाचतील. ‘एकूण’ म्हणा.

गाळपघर: ‘एकूण’ म्हटलं की सगळ्या हंगामाची सरासरी वाटते. ‘वळवलेल्या साखरेसह’ लांब आहे, पण गैरसमज होणार नाही.

बारामतीकर: शीर्षकात ते दोन ओळींत जातंय. चीफ केमिस्टना दोन्ही पर्याय पाठवतो. स्लाइड 52 वरची ‘रिकव्हरी’ तर कर्जवसुलीची निघाली.