मदत हवी आहे: आयगेनव्हॅल्यू एवढ्या का हलतात?

नमस्कार मंडळी, मडगावहून लिहितेय. मांडवीच्या खारटपणाचं छोटं मॉडेल करतेय, प्रवाह एकतर्फी म्हणून मॅट्रिक्स नॉर्मल नाही. अडचण 2×2 मध्येच दिसते:

```
A = [1 1000; 0 2]
```

आयगेनव्हॅल्यू 1 आणि 2. खाली डावीकडच्या शून्याच्या जागी 0.001 टाकलं की समीकरण होतं λ² − 3λ + 1 = 0, म्हणजे 0.382 आणि 2.618. सममित मॅट्रिक्समध्ये एवढ्याशा सममित बदलाने त्या फार तर 0.001 सरकल्या असत्या!

कारण थोडं कळलंय. λ = 1 साठी उजवा आयगेनव्हेक्टर x = (1, 0) आणि डावा y = (1, −1000), म्हणजे जवळजवळ काटकोनात. कंडिशन नंबर ‖x‖‖y‖/|yᵀx| साधारण 1000 येतो. नॉर्मल मॅट्रिक्समध्ये तो 1 असतो. त्यावरून अंदाज निघतो 1000 × 0.001 = 1, प्रत्यक्षात सरक 0.618.

हा अंदाज फक्त पहिल्या घाताचा आहे आणि इथे तो दोन आयगेनव्हॅल्यूंमधल्या अंतराएवढाच झालाय, म्हणून चुकतो, बरोबर ना? मग मोठ्या मॅट्रिक्ससाठी प्रत्येक λ चा हा आकडा पुरतो, की स्यूडोस्पेक्ट्रमच काढावा लागेल? मोजमापातली चूक 0.001 च्या आसपास आहे. कुणी केलंय का हे?