मदत हवी आहे: कर्ज घ्यावं की शेअर द्यावेत? ईपीएसचा इन्डिफरन्स पॉइंट 98 लाख येतोय, पुढे काय?

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. आमची कोल्हापूरजवळ कास्टिंगचं मशीनिंग करणारी छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे. 10 रुपयांचे 10 लाख शेअर, सगळे घरातच. जुन्या कर्जाचं व्याज वर्षाला 14 लाख जातं. आता चार व्हीएमसी आणि शेड मिळून 2 कोटी लागणार.

दोन वाटा आहेत. बँक 12 टक्क्यांनी टर्म लोन देतेय, म्हणजे व्याज 24 लाख. किंवा बायकोचे थोरले भाऊ 50 रुपये भावाने 4 लाख शेअर घ्यायला तयार आहेत. टॅक्स सोयीसाठी 25 टक्के धरलाय. ईबिट म्हणजे व्याज आणि टॅक्सआधीचा नफा, ईपीएस म्हणजे टॅक्स जाऊन एका शेअरमागे उरणारा नफा, आणि ज्या ईबिटला दोन्ही वाटांनी ईपीएस सारखाच येतो तो इन्डिफरन्स पॉइंट.

शेअरच्या वाटेचं (ईबिट − 14) ÷ 14 आणि कर्जाच्या वाटेचं (ईबिट − 38) ÷ 10 हे बरोबरीत मांडलं तर ईबिट 98 लाख येतं. तिथे दोन्हीकडे ईपीएस 4.50 रुपये. गेल्या वर्षी ईबिट 90 होतं, नव्या मशीनवर 130 चा अंदाज आहे. 130 ला कर्जाने 6.90 आणि शेअरने 6.21. म्हणजे कर्ज घ्यावं, असंच ना?

बिनधास्त:
घ्या की कर्ज! व्याजावर टॅक्स वाचतो, म्हणून कर्ज नेहमी स्वस्तच पडतं. आणि टॅक्सचा दर जितका जास्त, तितका तुमचा हा बिंदू खाली सरकणार.

खतावणी:
बिनधास्त, टॅक्स वाचतो हे खरं, पण बिंदू त्याने जागचा हलत नाही. शिरोलीकरांचं समीकरण बघा, 75 टक्के दोन्ही बाजूंना गुणलेले असतात, ते उडून जातात. दर 25 धरा की 30, उत्तर 98 च. फक्त त्या बिंदूवरचा ईपीएस बदलेल. आणि "नेहमी स्वस्त" म्हणाल तर ईबिट 60 लाख धरून बघा. शेअरने 2.46, कर्जाने 1.65.

शिरोलीकर, तुमचं 98 बरोबर आहे, पण ते कुठून आलं हे नुसत्या समीकरणातून कळत नाही. कर्ज घेतलं की 4 लाख शेअर काढायचे वाचतात आणि त्याबदल्यात 24 लाख व्याज भरायचं. म्हणजे वाचलेल्या एका शेअरमागे 6 रुपये. धंदा एका शेअरमागे टॅक्सआधी 6 रुपयांहून जास्त कमावत असेल तर कर्ज बरं, कमी कमावत असेल तर शेअर बरे. 14 लाख शेअर गुणिले 6 म्हणजे 84, त्यावर जुनं व्याज 14. झाले 98.

आता मेव्हण्यांचा भाव बदलून बघा. त्यांनी 40 च दिले तर 5 लाख शेअर द्यावे लागतील आणि बिंदू 86 वर येईल. 100 दिले तर 2 लाखच शेअर जातील आणि बिंदू 158 वर चढेल, मग तुमच्या 130 लाही शेअरच सरस. सगळा खेळ त्या 50 रुपयांवर आहे. ते ठरवले कसे?

सीए_इंटर_वाली:
मध्येच विचारते, माझ्या गणितात कर्जाऐवजी 12 टक्क्यांचे प्रेफरन्स शेअर आहेत. आकडे जवळपास असेच, फक्त जुनं कर्ज नाही. मी 84 काढलं, उत्तर 112 दिलंय. छापायची चूक असेल का?

खतावणी:
112 बरोबर आहे. प्रेफरन्सचा लाभांश टॅक्स भरून झाल्यावर जातो, त्यामुळे टॅक्स इथे उडत नाही. 24 लाख वाटायला टॅक्सआधी 32 लाख कमवावे लागतात. 32 ÷ 4 म्हणजे शेअरमागे 8 रुपये, गुणिले 14. बिनधास्तंचं टॅक्सचं म्हणणं इथे लागू पडतं, पण उलट दिशेने. दर वाढला की बिंदू वर जातो.

वसुली_अधिकारी_निवृत्त:
मी 130 वर अडलोय. हे नव्या मशीनचा घसारा वजा करून आहे का?

शिरोलीकर:
नाही साहेब. जुन्या मशीनचा वजा आहे (साधारण 15 लाख), नव्याचा धरलेला नाही.

वसुली_अधिकारी_निवृत्त:
वाटलंच. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे दर दुसऱ्या फाइलला दिसायचं. 2 कोटींवर सरळ पद्धतीने 15 वर्षं धरली तरी वर्षाला 13 लाखांच्या आसपास जातात. म्हणजे तुमचं खरं ईबिट 117. तिथे कर्जाने 5.93 आणि शेअरने 5.52. कर्ज अजून पुढेच आहे, पण 98 पासूनचं अंतर 32 वरून 19 लाखांवर आलं. पहिल्या वर्षी मशीन पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, हेही धरा.

दुसरं म्हणजे मुद्दल. ईपीएसला मुद्दल दिसतच नाही. नवं कर्ज किती वर्षांचं, आणि जुन्याचं मुद्दल किती जातं?

शिरोलीकर:
नवं 5 वर्षांचं, म्हणजे वर्षाला 40 लाख. जुन्याचं 25 लाख.

वसुली_अधिकारी_निवृत्त:
मग ईबिट 90 च राहिलं असं धरू. 38 व्याज गेलं, उरले 52, टॅक्स जाऊन 39. त्यात दोन्ही घसारे 28 परत मिळवले की हातात 67 लाख. मुद्दल 65. शिल्लक 2 लाख! ईपीएसने बघाल तर त्याच 90 ला शेअर 4.07 आणि कर्ज 3.90, फरक 17 पैशांचा. कागदावर दोन्ही सारखेच वाटतात आणि खात्यात मात्र पगाराला पैसे नसतात. उधारीत आणि स्टॉकमध्ये अडकणारा वाढीव पैसा मी यात धरलेलाच नाही.

नफातोटा:
पण ब्रेक इव्हन काढताना भाडं, पगार हे पक्के खर्च कुठे धरलेत? ते धरल्याशिवाय 98 लाखांत ना नफा ना तोटा कसं म्हणता येईल?

खतावणी:
नफातोटा, हा तो बिंदू नव्हे. ते खर्च ईबिटच्या आधीच गेलेत. ईपीएस शून्य कुठे होतो ते हवं असेल तर शेअरच्या वाटेने 14 लाखांना, कर्जाच्या वाटेने 38 लाखांना. 98 ला दोन्ही वाटा एकमेकींना छेदतात, इतकंच.

शिरोलीकर, 14 पैकी 4 लाख म्हणजे 28.57 टक्के. विशेष ठरावाला विरोधाच्या तिप्पट मतं लागतात, त्यामुळे 25 टक्क्यांच्या वर गेलेला माणूस एकटा ठराव अडवू शकतो. आज मेव्हणे आहेत, उद्या त्यांची मुलं असतील.

निम्मं-निम्मं करून बघितलंत का? 1 कोटी कर्ज, 1 कोटीचे 2 लाख शेअर. बिंदू तोच, 98, कारण वाचलेल्या शेअरमागे 6 रुपये इथेही कायम आहेत. तिन्ही रेषा एकाच बिंदूतून जातात. 90 ला ईपीएस बरोबर 4 रुपये. मेव्हण्यांचा वाटा 16.67 टक्के.

वसुली_अधिकारी_निवृत्त:
आणि रोख बघा. 90 ला व्याज 26, टॅक्स जाऊन 48, घसारा मिळवून 76. मुद्दल 45. हातात 31 लाख उरतात. बँकेलाही हे कागद आवडतील.

बिनधास्त:
माझं मत अजून पूर्ण कर्जाचंच. 117 झालं तर निम्म्या-निम्म्यात ईपीएस 5.69 वर येतो, घरचा नफा का वाटायचा?

शिरोलीकर:
सर्वांचे आभार. 50 चा भाव आम्ही पुस्तकी किमतीवरून घरात बसून ठरवला होता. सीए म्हणतात, बाहेरच्याला शेअर द्यायचे तर नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागेल, भाव त्यातून येईल. तो 50 च्या वर आला तर बिंदूही वर सरकणार. शिवाय दादा 2 लाख शेअरवर तयार होतील का, हे विचारायचंय. त्यांना 25 टक्क्यांचं गणित आधीच माहीत असावं असा मला दाट संशय आहे. अहवाल आला की इथेच आकडे टाकतो.