मदत हवी आहे: गच्चीबागेच्या ग्रुपवर नवीन लोकांसाठी स्वागताचा मेसेज कसा लिहावा?

कुंडीभर

नमस्कार मंडळी. आमच्या कोथरूड-कर्वेनगर भागातल्या गच्चीवर आणि बाल्कनीत झाडं लावणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सध्या ३४० जण आहेत, ॲडमिन मी आणि आणखी दोघी. पाऊस सुरू झाला की दर आठवड्याला दहा-बारा नवीन माणसं येतात. प्रत्येकाला आम्ही एक ठरलेला मेसेज टाकतो. पण नवीन माणूस ग्रुपवर काही विचारतच नाही. तीन-चार दिवसांनी मला एकटीला मेसेज येतो, "ताई, ग्रुपवर विचारायला बरं वाटलं नाही, पण मिरचीची पानं आकसलीयेत." रोज रात्री अशी पाच-सहा उत्तरं देते. तेच उत्तर ग्रुपवर दिलं असतं तर आणखी वीस जणांच्या मिरच्या वाचल्या असत्या.

सध्याचा मेसेज असा आहे:

> सुस्वागतम्! आपले समूहात हार्दिक स्वागत. कृपया खालील नियमांचे काटेकोर पालन करावे. १) शुभ सकाळ, सण-शुभेच्छा टाकू नयेत. २) राजकीय-धार्मिक पोस्ट टाकल्यास सूचना न देता काढण्यात येईल. ३) रोपांची विक्री फक्त रविवारी. ४) आधी विचारलेले प्रश्न पुन्हा विचारू नयेत. (असे एकूण ११) काही शंका असल्यास निःसंकोच विचाराव्यात. – ॲडमिन

यात काय बदलू?

टेक्नोबा

सोपं आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, त्यात ग्रीटिंग मेसेजची सोय आहे. कोणी आलं की मेसेज आपोआप जातो. तुम्हाला हात लावायला नको.

निशिगंध

टेक्नोबा, तो मेसेज आपल्या नंबरवर कोणी थेट लिहिलं तर त्याला जातो. ग्रुपमध्ये नवीन माणूस आला म्हणून जात नाही. इथे तो कामाचा नाही.

कुंडीभर, मी मधुमेही लहान मुलांच्या आईवडिलांचा एक ग्रुप सात-आठ वर्षं सांभाळते आहे. आमच्याकडे घाबरलेली माणसं येतात, म्हणून या मेसेजवर आम्ही फार डोकं घातलं आहे. तुमच्या मेसेजमधला चौथा नियमच लोकांना गप्प बसवतो. नवीन माणूस ग्रुपवर येतो तेव्हा आधीच्या महिन्यांचं बोलणं त्याच्यासमोर नसतं. कोणता प्रश्न आधी येऊन गेला हे त्याला कळणार कसं? मग तो विचारतो कुणाला, तर ज्या बाईचं नाव ॲडमिन म्हणून दिसतं तिला. तुमच्याकडे रात्री येणारे मेसेज त्या ओळीतूनच येतात.

दुसरं, विचारायचं आमंत्रण अकरा नियमांच्या खाली आहे. लांब मेसेज व्हॉट्सअ‍ॅप घडी घालून ठेवतं, 'आणखी वाचा' दाबल्याशिवाय पुढचं दिसत नाही. नवीन माणसाने धमकी वाचली आणि आमंत्रण वाचलंच नाही, असं होत असणार.

तिसरं, भाषा. 'काढण्यात येईल', 'विचाराव्यात' हे सोसायटीच्या नोटिशीसारखं वाटतं. शेजारीण दारात आली तर आपण तिच्याशी असं बोलतो का?

आजोळ

माझा कढीपत्ता सहा महिन्यांपासून पिवळा पडतोय. खत घातलं, ताक घातलं, फरक नाही. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी सांगेल का? लिंक मिळेल?

कुंडीभर

आजोळ, लिंक इथे उघड टाकत नाही, व्यनि करते. पण आधी सांगा: कुंडी केवढी आहे? ऊन किती तास? पाणी घातल्यावर खालच्या भोकातून बाहेर येतं का?

निशिगंध

कुंडीभर, आत्ता काय झालं पाहिलंत? त्यांनी प्रश्न मनापासून विचारला, पण उत्तर द्यायला तुम्हाला आधी तीन प्रश्न उलट विचारावे लागले. 'निःसंकोच विचारा' म्हटल्याने संकोच जात नाही. प्रश्न कसा दिसतो ते दाखवलं की जातो. आमच्या मेसेजमध्ये आम्ही एक खराखुरा प्रश्न नमुना म्हणून ठेवला आहे. तो मुद्दाम अगदी प्राथमिक आहे. तो वाचून माणसाला वाटतं, एवढं साधं चालत असेल तर माझंही चालेल. तुमच्याकडे तर असे प्रश्न रोज येतात, त्यातलाच एक निवडा.

शिस्तप्रिय_काका

मी सोसायटीचा ग्रुप चालवतो. नियम सौम्य केलेत की दुसऱ्या दिवशी फॉरवर्डचा पाऊस. माझ्या मते नियम वरच हवेत.

निशिगंध

काका, नियम हवेतच. ते ग्रुपच्या वर्णनात ठेवायचे, तिथे ते कायम दिसतात. मेसेजमध्ये फक्त तोच नियम, जो नवीन माणूस पहिल्याच दिवशी नकळत मोडेल. आणि सोसायटीत सगळे एकमेकांना ओळखतात, इथे कोणीच कोणाला ओळखत नाही. तुमच्याकडे चालतं ते इथे चालेलच असं नाही.

कुंडीभर

सगळ्यांचे आभार. काल दोघी ॲडमिनबरोबर बसून नवीन लिहिला. चौथा नियम काढून टाकला. बाकीचे वर्णनात गेले.

> नमस्कार! या आठवड्यात बारा नवीन मंडळी आली आहेत, या, बसा. इथे कुणाची चाळीस कुंड्यांची गच्ची आहे, कुणाची खिडकीत एकच तुळस.
> पहिला प्रश्न आजच विचारा. तो आधी कुणी विचारला असला तरी चालेल. उदाहरणार्थ: "दहा इंची कुंडीत मिरची आहे, सकाळचं तीन तास ऊन, रोज पाणी घालते. पानं वर आकसलीयेत. पानाच्या खालच्या बाजूचा फोटो देते आहे."
> मराठी रोमन लिपीत लिहिलंत तरी चालेल. दिवसभरात आम्हा तिघींपैकी एक जण उत्तर देईल. माहीत नसेल तर तसं सांगू.
> एकच विनंती: शुभेच्छा आणि फॉरवर्ड इथे नकोत, प्रश्न हरवतात.

निशिगंध

छान. नमुना प्रश्नात पानाची खालची बाजू आणलीत हे फार बरं केलंत, कीड तिथेच असते. 'दिवसभरात उत्तर' हे मात्र पाळता येईल तरच लिहा. पहिला प्रश्न अनुत्तरित राहिला तर तो माणूस दुसरा विचारत नाही. तिघींनी वार वाटून घ्या. आणि रोज एकेकासाठी न टाकता रविवारी सगळ्यांसाठी एकदाच टाका. प्रत्येकाच्या नावाने टाकला की मागोमाग तीस जण गुलाबाची फुलं पाठवतात आणि मेसेज वर निघून जातो.

टेक्नोबा

बिझनेसचं माझं चुकलंच. पण पिन तरी करा. सात दिवसांसाठी पिन करता येतो, म्हणजे रविवार ते रविवार बरोबर बसेल.

सोनचाफा

मध्येच विचारते. नवीन लोकांना स्वतःची ओळख द्यायला सांगावी का? आमच्या एका ग्रुपवर नाव, इमारत, सगळं लिहायला लावलं होतं. मी तर लगेच बाहेर पडले. नंबर आधीच सगळ्यांना दिसतो, त्यात पत्ता कशाला?

शिस्तप्रिय_काका

पण ओळख नसेल तर खोटे सदस्य घुसतात. आमच्याकडे एक विमा एजंट शिरला होता.

निशिगंध

त्यासाठी ॲडमिनची मंजुरी चालू ठेवता येते, चौकशी आत घेण्याआधी व्हावी. ओळखीबद्दल आमच्यातही एकमत नाही. काहींना मोकळं व्हायला ती लागते, काही जण तेवढ्यानेच जातात.

कुंडीभर

सोनचाफा, बरं झालं विचारलंत. आम्ही ओळख ऐच्छिक ठेवतो: भागाचं नाव आणि एक झाड, बस. व्हॉइस नोटचं मात्र ठरत नाहीये. आमच्यातल्या दोन आज्यांना टाइप करणं जमत नाही, त्यांना बोलूनच विचारू द्यावं असं मला वाटतं. पण बोललेला प्रश्न नंतर शोधून सापडत नाही, म्हणून दुसरी ॲडमिन नको म्हणते. कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

आजोळ

ताई, बारा इंची कुंडी, ऊन दोन तास. आणि पाणी खालून येतच नाही, तुम्ही विचारल्यावर आज कुंडी उचलून बघितली. भोक मुळांनी बुजलंय.

कुंडीभर

मग ताक बंद, खतही बंद. आधी भोक मोकळं करा आणि वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका. लिंक पाठवली आहे. रविवारी हाच प्रश्न ग्रुपवर फोटोसकट टाका.