मदत हवी आहे: कार्ड तेच, रक्कम तीच, मग पावतीवरचा कोड वेगळा का?

चादरवाला: नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. गड्ड्याच्या गर्दीत एका गिऱ्हाइकाचं १,८५० रुपयांचं बिल होतं. कार्ड मशीनमध्ये घातलं आणि नेमकी रेंज गेली. दोन मिनिटांनी पुन्हा घातलं, झालं. गिऱ्हाईक चौकस, दोन्ही पावत्यांवरचा बारीक छापलेला सोळा अक्षरी कोड ताडून बघितला. वेगवेगळा! "कोड दोन, म्हणजे पैसे दोनदा गेले," म्हणून अडून बसला. तसं नसतं हे मला माहीत आहे, पण का ते सांगता येईना.

बारामाही: ओटीपीसारखंच आहे ते. चिपमध्ये घड्याळ असतं, त्यावर कोड बदलतो.

स्विचरूम: एकदाच चालणारा कोड, इथपर्यंत बरोबर. पण चिपमध्ये ना बॅटरी, ना घड्याळ. वीज मशीन देतं, तारीखही तेच सांगतं. चिपकडे स्वतःचा असतो एक काउंटर, कार्ड वापराल तसा एकाने पुढे सरकणारा.

समजा पहिल्या वेळी तो ३२७ होता. चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते, ती कधीच बाहेर येत नाही. ती आणि ३२७ मिळून चिप फक्त त्या व्यवहारापुरती नवी किल्ली बनवते. मशीन तिला रक्कम, चलन, तारीख आणि स्वतः काढलेला एक यादृच्छिक आकडा देतं. या सगळ्यावर ती किल्ली चालवून आठ बाइट निघतात, छापले की सोळा अक्षरं. दुसऱ्या वेळी काउंटर ३२८, मशीनचा आकडाही नवा. १,८५० तेच राहिले तरी कोड तोच येणार कसा?

बँक आपल्याकडच्या मुख्य किल्लीवरून तुमच्या कार्डाची किल्ली पुन्हा काढते, तेच गणित करते आणि जुळवून बघते. मधला ३२७ पोचलाच नाही तरी सहसा चालतं. ३२८ पुन्हा आला तर मात्र संशय. चोरलेला कोड म्हणूनच दुसऱ्या खरेदीला कामाचा नाही.

सासुरवाडी_पार्क_चौक: मग माझ्या मेहुण्याच्या चिपच्या कार्डावरून ऑनलाइन खरेदी कशी झाली?

स्विचरूम: तिथे कार्डावर छापलेला नंबर टाइप केला जातो. चिपला कुणी विचारतच नाही.

चादरवाले, कोडच्या आधी काय छापलंय? बँकेशी संपर्क झाला नाही की बहुतेकदा चिप व्यवहार नाकारल्याचा कोड देते, त्याला AAC म्हणतात. मंजूर झाला तर TC. पण AAC दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. मागणी बँकेत पोचली आणि उत्तरच वाटेत हरवलं, तर रक्कम थोडा वेळ अडकू शकते. मशीन नंतर ती उलटवायला सांगतं.

चादरवाला: दुसऱ्या पावतीवर TC आहे, आत्ताच भिंगाने बघितलं. पहिली गिऱ्हाईक रागाने खिशात घालून गेलं की हो.

स्विचरूम: मग त्यांनी खात्याचा उतारा बघावा. १,८५० दोनदा दिसले, तर RRN, म्हणजे व्यवहाराचे संदर्भ क्रमांक, वेगळे आहेत का बघा. शोध त्यावरूनच लागतो, या कोडवरून नाही.