मदत हवी आहे: नोकरी सोडताना ब्रँडच्या खात्यांची हस्तांतरण-नोंद

नमस्कार. मी एका मसाले कंपनीत सोशल मीडिया सांभाळते आणि या महिनाअखेरीस नोकरी सोडत आहे. कोणते खाते हटवायचे, कोणते नुसते जपून ठेवायचे आणि कोणते सोपवायचे, याची नोंद मी लिहीत आहे.

यूट्यूब चॅनल ब्रँड अकाउंटवर असून त्याची मुख्य मालकी माझ्या वैयक्तिक जीमेलकडे आहे. नव्या व्यक्तीला मालक केल्यानंतर तिला मुख्य मालक करण्यासाठी किमान 7 दिवस थांबावे लागते, म्हणून कंपनीच्या ईमेलला मी कालच मालक केले. शेवटच्या दिवशी हे सुचले असते, तर चॅनल माझ्याच नावावर अडकले असते.

खरी अडचण बंद झालेल्या लोणच्यांच्या इन्स्टाग्राम खात्याची आहे. वरिष्ठ ते हटवा म्हणतात, पण दुकानांत अजून असलेल्या बरण्यांच्या लेबलवर त्याच खात्याचा क्यूआर कोड छापलेला आहे. हटवण्याची विनंती केल्यावर 30 दिवसांत ती मागे घेता येते, त्यानंतर खाते कायमचे जाते आणि तेच नाव परत मिळेल याची खात्री नसते. त्यामुळे सर्व मजकूर डाउनलोड करून, परिचयात मुख्य खात्याचा पत्ता देऊन, माल संपेपर्यंत ते तसेच ठेवावे, असे माझे मत आहे.

शिवाय या खात्याचे लॉगिन कोड माझ्या मोबाइलवर येतात. ईमेल, क्रमांक आणि पासवर्ड कोणत्या क्रमाने बदलावेत, म्हणजे मध्येच कोणी बाहेर अडकणार नाही? असे हस्तांतरण केलेल्यांनी कृपया सांगावे.